‘गळ’ या शब्दाविषयी

«‘मोफत यादी’ हे सगळ्यांत वर, आणि ‘वार्तापत्र महिन्यातून दोनदा येईल’ हे पार तळाशी. यादीसाठी ईमेल दिला, तर पहिल्या आठवड्यातच चार मेल आले. ज्याला फक्त यादी हवी आहे त्याच्या गळ्यात वार्तापत्र का? ही मोफत यादी नव्हे, हा गळ आहे. – ऐरोलीचा एक वाचक»

महोदय,

माझ्या इन्स्टाग्राम पोस्टच्या कॅप्शनवरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही, परंतु ‘गळ’ हा शब्द मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सविस्तर सांगणे मला भाग आहे. गळ टाकणारा आमिषाच्या आत काय आहे ते माशाला सांगत नाही. मी सांगितले होते. जुना फ्लॅट विकत घेताना तपासायच्या १४ कागदपत्रांची यादी पीडीएफ स्वरूपात मिळेल, त्यात इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट यांचा समावेश आहे, नवी मुंबईतील भाडेपट्ट्याच्या घरांसाठी सिडकोच्या हस्तांतरण परवानगीचा वेगळा रकाना आहे आणि त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी वार्तापत्र येईल, हे सर्व त्याच कॅप्शनमध्ये लिहिलेले होते. हे शनिवारही मी विचार करूनच निवडले, कारण त्या दिवशी बँका बंद असतात आणि घराचे कागद काढून बसायला नोकरदार माणसाला थोडी फुरसत मिळते.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर ‘more’ या शब्दाआड जातो, आणि माझी शनिवारची ओळ त्या आडोशाला गेली होती. ती वर हवी होती. पण मांडणीतली चूक ही लबाडी नसते, एवढा फरक आपल्यासारख्या चिकित्सक वाचकाला कळायला हरकत नव्हती.

आता चार मेलविषयी. पहिला मेल पत्ता पडताळण्याचा होता. त्यातील दुवा दाबल्याशिवाय पुढे काहीच जात नाही, कारण अर्जात कोणीही दुसऱ्याचा पत्ता टाकू शकतो, आणि न मागितलेले मेल ज्याला जातात तो ते ‘स्पॅम’ म्हणून नोंदवतो, त्याचा फटका इतर वाचकांच्या मेललाही बसतो. दुसऱ्या मेलमध्ये यादी होती, जी आपणच मागितली होती. आपण मंगळवारी नोंदणी केली आणि त्याच आठवड्यात दुसरा शनिवार आला, म्हणून नियमित वार्तापत्र लगेच पोचले. आठवडाभर थांबून नोंदणी केली असती तर ते त्या आठवड्यात आले नसते. उरला गुरुवारचा मेल, इंडेक्स टू कसा वाचावा याचा. तो यादीचाच उत्तरार्ध आहे असे मी मानतो. आपण मानत नसाल, तर आपल्या मोजणीपुढे माझा इलाज नाही.

आमिष काय असते हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. नौपाड्यातील एका वकिलांच्या कचेरीत मी नऊ वर्षे नोटिसा आणि करारांचे मसुदे लिहिले, आणि बारीक टाइपात काय दडवले जाते ते तिथे रोज पाहिले. पुढे घोडबंदर रस्त्यावरील एका गृहप्रदर्शनात केवळ माहितीपुस्तिका मिळावी म्हणून मी माझा मोबाइल क्रमांक लिहून दिला, आणि त्यानंतर आठ महिने मला फोन येत राहिले. किती फोन येतील, किती दिवस येतील, कोणाकडून येतील, यातले एक अक्षरही त्या कागदावर नव्हते. त्याला गळ म्हणावे. त्या अनुभवातूनच मी माझ्या कॅप्शनमध्ये दिवस आणि संख्या लिहायला लागलो, आणि नेमका त्याच माणसाला आपण हा शब्द चिकटवलात.

यादी आणि वार्तापत्र एकत्र का, या प्रश्नावर फार लिहीत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा मलाही ठाऊक आहे; संमती विशिष्ट हेतूसाठी असावी असे तो म्हणतो, आणि हेतू मी लिहिला होता. ‘फक्त यादी’ असा वेगळा पर्याय अर्जात नाही, हे खरे. ठेवायचा की नाही ते मी सवडीने ठरवीन.

कॅप्शन मात्र आजच बदलले आहे. ते आता असे सुरू होते: «महिन्यातून दोन मेल, दुसऱ्या व चौथ्या शनिवारी. सोबत जुन्या फ्लॅटच्या १४ कागदपत्रांची यादी मोफत.» त्याखाली, «पहिल्या आठवड्यात पडताळणीचा, यादीचा आणि इंडेक्स टू समजावणारा असे तीन मेल जास्तीचे येतील. नोंदणीचा दुवा प्रोफाइलमध्ये आहे, आणि ती रद्द करण्याचा दुवा प्रत्येक वार्तापत्राच्या तळाशी असतो.»

आपले नाव मी परस्पर काढलेले नाही. तो तळाचा दुवा आपल्यालाच दाबावा लागेल. पुढचा चौथा शनिवार अजून आलेला नाही.