भिंगाचे बारा

'बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर 20 सेमी. वस्तू भिंगापासून 30 सेमीवर ठेवली. प्रतिमा कुठे मिळेल?' एवढं फळ्यावर लिहून मी वळते, तोवर निम्मा वर्ग एका सुरात ओरडलेला असतो, ''बारा!''

उत्तर 60 आहे. दरवर्षी तेच असतं, आणि दरवर्षी मुलं बारा म्हणतात. नवी तुकडी येते, नवे केस कापलेले असतात, नव्या बाटल्या असतात, पण बारा जुनंच. मोठी भावंडं धाकट्यांना गाइडांबरोबर हा आकडाही वारसाहक्कानं देत असावीत असा मला दाट संशय आहे.

बारा येतं कसं ते आधी सांगते. सूत्र 1/v − 1/u = 1/f. u म्हणजे भिंगापासून वस्तूचं अंतर, v प्रतिमेचं, f नाभीय अंतर. वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून u = −30. बहिर्वक्र भिंगाचं f = +20. म्हणजे 1/v = 1/20 − 1/30, म्हणजे 1/60. v = +60 सेमी, भिंगाच्या पलीकडे. विशालन M = v/u = 60/(−30) = −2. उणे म्हणजे उलटी, दोन म्हणजे दुप्पट. पडद्यावर घेता येते, म्हणून वास्तव. सगळा संसार त्या एका −30 वर उभा आहे. ते उणे विसरलं की 1/20 आणि 1/30 यांची वजाबाकी व्हायच्या जागी बेरीज होते, ती येते 1/12. झाले भिंगाचे बारा.

''अरे, u ला उणे!'' मी म्हणते.

''बाई, गणितात दिलंय 30. उणे 30 कुठं दिलंय?''

हा प्रश्न विचारणारा मुलगा पुढे वकील होणार. गणितात अंतर देतात, चिन्ह आपण लावायचं असतं, हे त्याला पटत नाही. अंतर उणे कसं असेल, एसटीचं तिकीट कधी उणे किलोमीटरचं असतं का, असं तो विचारतो आणि वर्ग त्याच्या बाजूनं हसतो.

म्हणून मी कवायत सुरू केली. व्हरांड्यातल्या फरशीवर खडूनं लांब रेघ मारली, तो मुख्य अक्ष. मधोमध O, भिंगाचा प्रकाशीय मध्य. एक फरशी म्हणजे 10 सेमी. O पासून उजवीकडे गेलात तर अधिक, डावीकडे गेलात तर उणे. रेघेच्या वरच्या अंगाला उंची अधिक, खालच्या अंगाला उणे. मी ''u!'' ओरडले की वस्तू झालेल्या मुलानं डावीकडे तीन फरश्यांवर उभं राहून ''उणे तीस'' म्हणायचं. ''v!'' म्हटलं की प्रतिमा झालेल्यानं आपली जागा गाठायची. M उणे आला तर वाकून अंगठे धरायचे, अधिक आला तर हात वर. पीटीचे सर खिडकीतून बघत होते. आपला तास चोरला गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पाच मिनिटं सुरळीत चाललं. मग रेघेच्या पलीकडे बसलेल्या मुलींमधून हात वर आला. ''बाई, उजवीकडे म्हणजे तुमच्या उजवीकडे की आमच्या?''

प्रश्न रास्त होता. त्यांच्या बाजूनं तो तीस उजवीकडे होता, म्हणजे अधिक. इकडच्यांच्या बाजूनं डावीकडे, म्हणजे उणे. दोन्ही बाजूंना आपापलं उजवं प्यारं, आणि भिंग बिचारं मधे. पुस्तकात हा तंटा होत नाही, कारण पुस्तकाकडे सगळे एकाच बाजूनं बघतात आणि वस्तू नेहमी डावीकडे ठेवलेली असते. खरा नियम उजव्या हाताचा नाहीच, उजेडाचा आहे. प्रकाश ज्या दिशेनं निघालाय त्या दिशेनं मोजलं तर अधिक, त्याच्या उलट दिशेनं मोजलं तर उणे. O पासून वस्तूपर्यंत मोजत जायचं म्हणजे येणाऱ्या प्रकाशाच्या तोंडावर चालत जायचं, म्हणून u उणे. वस्तू उजवीकडे ठेवायची हौस असेल तर खुशाल ठेवा, फक्त बाण उलटा काढा. मी रेघेवर वस्तूकडून भिंगाकडे जाणारा ठळक बाण काढला आणि 'उजवी-डावी' हे शब्द त्या दिवसापुरते बंद करून टाकले. तंटा मिटला. निदान व्हरांड्यातला.

वकीलसाहेब मात्र 12 वर ठाम. दीड फरशीच्याही अलीकडे प्रतिमेला उभं करून म्हणाले, ''इथं का नाही?''

मग सुतळी काढली. त्याची पाण्याची बाटली तिसऱ्या फरशीवर अक्षाशी काटकोनात आडवी ठेवली, बूड रेघेवर, टोपण 'वर'. बाटली साधारण फरशीएवढी, म्हणजे वस्तूची उंची 10 सेमी. टोपणापासून एक सुतळी अक्षाला समांतर भिंगापर्यंत नेली, तिथून वळवून पलीकडच्या दुसऱ्या फरशीवरच्या नाभीतून, F2 मधून पुढे. दुसरी सुतळी टोपणापासून O मधून सरळ, न वळता. आता बघा म्हटलं, 12 सेमीवर काय आहे? पहिली सुतळी अजून रेघेच्या वरच, जवळजवळ अर्धी फरशी वर. दुसरी तेवढीच खाली. भेटीचं नावच नाही. समांतर आलेला किरण रेघ ओलांडतो तोच मुळी F2 वर, 20 सेमीला. उलटी प्रतिमा रेघेच्या खाली पडणार, मग ती 20 च्या अलीकडे पडेलच कशी? दोघी सुतळ्या सहाव्या फरशीवर भेटल्या, रेघेपासून दोन फरश्या खाली. 60 सेमी, दुप्पट, उलटी. गणितानं सांगितलं तेच फरशीनं सांगितलं.

या सुतळीतून एक चाचणी आपसूक हाती येते, ती मी सगळ्यांकडून वदवून घेते. बहिर्वक्र भिंग, वस्तू तिच्या बाजूच्या नाभीच्या म्हणजे F1 च्या पलीकडे, आणि v चं उत्तर f पेक्षा लहान आलं, तर पेन खाली ठेवायचं आणि वरची ओळ तपासायची. ''वीसच्या आत प्रतिमा नाही!'' असा घोष व्हरांड्यात घुमला. शेजारच्या वर्गात इतिहासाचा तास होता, तिथून दार लावल्याचा आवाज आला.

आता एका मुलाची वही. त्यात उत्तर 60, आणि वर लिहिलेलं सूत्र 1/v + 1/u = 1/f, u = 30, उणे कुठंच नाही. मी म्हटलं, हे नववीचं आरशाचं सूत्र. तो म्हणाला, नाही बाई, हे आजोबांचं सूत्र.

पालकसभेला आजोबाच आले. धोतर, टोपी, हातात नातवाची वही.

''बाई, बसू का?''

''बसा ना आजोबा.''

''वस्तू खरी आहे ना? डोळ्यांनी दिसते, हातात घेता येते. मग तिला उणे का म्हणता?''

त्यांची पद्धत अशी: जे वास्तव ते धन, जे आभासी ते ऋण. ही काही त्यांच्या घरची कल्पना नव्हे. इंग्लंडच्या शाळांत असंच बरीच वर्षं शिकवत. सूत्रात अधिक, वास्तव वस्तूचं अंतर धन, बहिर्वक्राचं f धन, अंतर्वक्राचं ऋण. 1/v = 1/20 − 1/30, उत्तर 60. अगदी बरोबर. अंतर्वक्रालाही बरोबर येतं. मी सगळीकडून तपासून पाहिलं, आजोबांचा संसार आतून पक्का होता.

अडचण आजोबांची नव्हती, शेजाऱ्यांची होती. नातवाच्या बाकावरच्यांनी त्याच्या वहीतून आजोबांचं सूत्र उचललं आणि त्यात शाळेचं −30 घातलं. उत्तर बारा. दुसऱ्यानं शाळेचं सूत्र घेतलं आणि आजोबांचं +30 घातलं. उत्तर बारा. दोन घरांतली सून आणि सासू अदलाबदल केल्यावर जे होतं ते. शिवाय आमच्या पद्धतीत आरशाचं सूत्रही दिसायला हुबेहूब आजोबांसारखं, पण तिथं अंतर्वक्र आरशाची वास्तव प्रतिमा आरशासमोर पडते, म्हणून तिचं v उणे. भिंगात वास्तव प्रतिमेचं v अधिक. 'अधिक म्हणजे वास्तव' हे पाठ केलेला मुलगा भिंगात तरतो आणि आरशात बुडतो.

''आजोबा, तुमचं बरोबर आहे,'' मी म्हटलं, ''पण पेपर तपासणारे आमच्याकडचे आहेत.''

ते उठले, टोपी सारखी केली. ''खऱ्याला उणे म्हणायचं दिवस आलेत,'' असं काहीसं पुटपुटत गेले.

राहिलं अंतर्वक्र भिंग. ते घेऊन मुलं भिंतीवर मेणबत्तीची प्रतिमा शोधत फिरतात आणि ती मिळत नाही म्हणून भिंग बिघडलंय असं जाहीर करतात. ती भिंतीवर मिळणारच नाही. भिंगातून बाहेर पडलेले किरण फाकलेले असतात, त्यांना मागे वाढवलेल्या तुटक रेषाच काय त्या भेटतात, वस्तूच्याच बाजूला. प्रतिमा पाहायची तर भिंगातून पाहायची. वर्गात −2 नंबरचा चष्मा लावणारा एक मुलगा होता. हा उणे म्हणजे परीक्षेत उणे असतं तसलंच काही, असं समजून तो आकडा लपवायचा. त्याच्या चष्म्याच्या भिंगाची शक्ती −2 डायॉप्टर, म्हणून नाभीय अंतर −0.5 मीटर, म्हणजे −50 सेमी, हे फळ्यावर काढलं. त्यानं चष्मा हातभर लांब धरला, त्यातून फळ्यावरची अक्षरं सगळ्यांना सुलट आणि बारीक दिसली. त्या तासाला त्याची पत वाढली.

घटक चाचणीत मी जाणूनबुजून तेच आकडे दिले, फक्त भिंग अंतर्वक्र केलं. f = −20, u = −30. 1/v = −1/20 − 1/30 = −1/12. v = −12 सेमी, M = +0.4. सुलट, लहान, आभासी, वस्तूच्या बाजूला. यंदा पहिल्यांदाच बारा बरोबर होतं, फक्त उणे लावून.

पेपर तपासायला बसले. पहिल्या पानावर −12 खोडून 60. दुसऱ्यावरही −12 खोडून 60, शेजारी 'उलटी, वास्तव, दुप्पट'. तिसऱ्यावर खोडरबरनं कागद फाटलेला, भोकाच्या कडेला बाराचा एक पुसट दोन. वकीलसाहेबांनी मात्र सगळी रीत व्यवस्थित लिहून −12 पर्यंत आणलं होतं, त्याच्यावर सरळ रेघ मारली होती आणि खाली वळणदार अक्षरांत टीप दिली होती: 'बाई, उत्तर बारा येत आहे, पण वीसच्या आत प्रतिमा नाही असं तुम्हीच व्हरांड्यात म्हणालात, म्हणून 60 केलं.'