फोटो गेलाच नव्हता

मंगळवारपासून वरच्या मजल्यावरच्या वहिनी लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसत नाहीत, भिंतीवरच्या बटणांकडे बघतात. कारण एक फोटो. मी पाठवला, अख्ख्या बिल्डिंगने बघितला, त्यावर चर्चा झाली, निकाल लागला, आणि तो फोटो माझ्या मोबाइलमधून बाहेर पडलाच नव्हता.

झालं असं की बाथरूमच्या छताला डाग आला. आमची बिल्डिंग ठाण्यात वर्तकनगर साइडला, वय तीस-बत्तीस, म्हणजे डाग येणारच. मी स्टुलावर चढून फोटो काढला आणि तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली वेगळा मेसेज लिहिला, 'बाथरूमच्या छताला डाग आलाय, वरून पाणी येतंय वाटतं, फोटो बघा'. वायफाय बंद होतं आणि चिरंजीवांनी हॉटस्पॉट घेऊन माझा दिवसाचा डेटा दुपारीच संपवला होता. डेटा संपला की स्पीड असा पडतो की चार शब्दांचा मेसेज रांगत रांगत का होईना जातो, पण फोटो गोल गोल फिरत बसतो. माझा मेसेज गेला, फोटो फिरत बसला. मी फोन खिशात टाकला आणि बादली शोधायला गेलो.

दोन मिनिटांत नानांचा रिप्लाय.

नाना तळमजल्यावर राहतात, रिटायर्ड आहेत, आणि बांधकामातले तज्ज्ञ आहेत असं ते स्वतः सांगतात. रिप्लाय जसाच्या तसा देतो: 'फोटो नीट पाहिला. डाग स्पष्ट दिसत आहे. हे वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचे लीकेज आहे. अशा केसेसमध्ये पाणी स्लॅबमधून झिरपते व रंगाचे पोपडे निघतात. दुर्लक्ष केल्यास सळई गंजण्याची शक्यता नाकारता येत नाही. वेळीच योग्य ती उपाययोजना करावी.' त्याखाली अंगठे. अकरा अंगठे, मी मोजले. एकाने लिहिलं 'बापरे, बराच पसरलाय'. आणि वरच्या वहिनींनी लिहिलं 'आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे', त्यानंतर लिफ्टमधली बटणं.

संध्याकाळी बायकोला दाखवायला म्हणून ग्रुप उघडला तर फोटो अजून फिरतोय. टिक नाही, एकसुद्धा नाही, नुसतं घड्याळाचं चिन्ह. मेसेजवर निळ्या टिका आणि फोटोवर घड्याळ. आणि तसंही निळी टिक म्हणजे समोरच्याने चॅट उघडलं एवढंच, फोटो डाउनलोड करून बघितला असं नाही, निम्म्या लोकांचं ऑटो डाउनलोड बंद असतं आणि त्यांना धुरकट चौकोन दिसतो. माझ्या भाच्याच्या बाळाचा फोटो आला होता तेव्हा मीच तो धुरकट चौकोन बघून 'अगदी बाबांवर गेलंय' असं लिहिलं होतं, नंतर उघडला तर फोटो पाळण्याचा होता, रिकाम्या. तर मला हे कळतं कसं, तर असं कळतं. करणाराच ओळखतो.

मग मी नानांचा रिप्लाय परत वाचला, यावेळी चोरासारखा, आणि मजा यायला लागली. त्यातलं एकेक वाक्य उचलून विचारायचं, हे कुठून आलं? डाग, बाथरूम, वरून पाणी, हे माझ्याच मेसेजमधून. पोपडे, सळई, झिरपणं, हे जगातल्या कुठल्याही ओल्या छताला लागू. 'योग्य ती उपाययोजना' तर मूळव्याधीलाही लागू. माझ्या मेसेजमध्ये नाही, पण फक्त फोटोतच दिसेल असं काय सांगितलं? काहीच नाही. रंग नाही, आकार नाही, जागा नाही.

आणि छताकडे वर बघितलं तर जागाच पहिली डोळ्यात भरते. डाग मध्यावर नाही, गिझरच्या कोपऱ्यात आहे, आणि त्याची एक लांब जीभ भिंतीवरून खाली आलीय. कडेला गडद तपकिरी रेघ, कारण पाणी पसरतं, कडेला वाळतं आणि आपला मळ-क्षार तिथेच सोडून जातं. पोपडा एकही नाही, रंग गुळगुळीत आहे. नहाणी ट्रॅप दरवाजाच्या बाजूला, म्हणजे बरोबर उलट टोकाला. ज्याने फोटो बघितला तो आधी म्हणणार, अरे हे तर कोपऱ्यात आहे. नानांनी ना कोपरा बघितला ना जीभ, पण पोपडे मात्र बघितले, जे नव्हतेच.

मी खाली गेलो. नाना गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत बसले होते, वॉचमन उभा.

"नाना, फोटो बघितलात ना?"

"बघितला म्हणजे? झूम करून बघितला."

"डाग मोठा वाटतो का हो?"

"मोठा म्हणजे..." नानांनी हवेत हाताने एक आकार काढला, आधी ताटाएवढा, मग माझ्या चेहऱ्याकडे बघत तो कमी करत वाटीवर आणला. "तसा मोठा. अगदी मोठा नाही. पण लहान म्हणता येणार नाही."

"कोपऱ्यात आहे की मध्ये?"

"अरे, पाणी काय जागा बघून येतं का? पाणी वाट काढतं." (हे वाक्य इतकं छान होतं की मी क्षणभर विसरलोच की उत्तर मिळालं नाही.)

"रंग काय वाटला तुम्हाला?"

"डागाचा असतो तोच."

मग मी जरा नीचपणा केला. आमच्या बाथरूमच्या छताला हूक नाही, कधीच नव्हता. मी विचारलं, "नाना, छताला तो कपड्याच्या दोरीचा हूक आहे ना, डाग त्याच्या उजवीकडे दिसतोय की डावीकडे?"

नानांनी डोळे मिटले. खरंच मिटले, फोटो आठवताना मिटतात तसे. "उजवीकडे," ते म्हणाले. "जरासा उजवीकडे. आणि तो हूक गंजलाय बघ. मी बायकोला तेव्हाच म्हटलं, हूक गंजलाय म्हणजे ओल जुनी आहे."

मला हसू यायला हवं होतं पण खरं सांगतो रागच आला, कारण नसलेला हूक, त्याला गंज, आणि गंजावरून ओलीचं वय! आता नानांच्या बाजूनेही एक बोललं पाहिजे, मी 'उजवीकडे की डावीकडे' विचारलं म्हणजे हूक आहे हे आधीच त्यांच्या गळ्यात मारलं, भिडस्त माणूस भिडेपोटी 'उजवीकडे' म्हणून जातो. त्यामुळे नुसत्या 'उजवीकडे' या शब्दावर मी त्यांना फाशी दिली नसती. पण गंज? गंज मी विचारलाच नव्हता. फोटो बघितलेला माणूस अशा वेळी म्हणतो, "कुठला हूक?" आणि फोन काढून परत बघतो. नानांचा फोन शर्टाच्या खिशात होता, पूर्ण वेळ, त्याला हातही लागला नाही.

तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "सायेब, मला तर फोटू आलाच न्हाई. नुसता मेसेज आला."

वॉचमनला ग्रुपमध्ये ठेवलंय ते पाण्याचा टँकर आला की कळवायला. त्याच्याकडे कोणी मत मागत नाही. अख्ख्या ग्रुपमध्ये जे वाक्य पहिल्या मिनिटाला यायला हवं होतं, फोटो दिसत नाही परत टाका, ते या एकट्याने उच्चारलं, तेही उभ्याने. नाना म्हणाले, "तुझा फोन साधा आहे."

बरं, फोटो गेला असता तरी नानांचं नहाणी ट्रॅप फोटोत दिसणार कसं, हा वेगळाच मुद्दा. फोटोत डाग दिसतो, पाणी कुठल्या पाइपातून येतं ते कसं दिसेल? ट्रॅपचं किंवा टाइलच्या सांध्यांचं लीकेज असेल तर वर कोणी अंघोळ केली की गळतं आणि मग हळूहळू थांबतं. पाण्याची लाइन फुटली असेल तर वर कोणी असो नसो, गळतच राहतं. म्हणून मी बुधवारी सुट्टी टाकली (हो, सुट्टी) आणि बादलीपाशी बसलो. वरचे सगळे नऊला बाहेर पडले. अकराला टपटप. एकला टपटप, त्याच लयीत. दोनला वॉचमनने गच्चीवर जाऊन आमच्या बाजूच्या बाथरूम लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि तीनच्या सुमारास टपटप कमी होत होत थांबली. व्हॉल्व्ह सोडला, थोड्या वेळाने परत सुरू. म्हणजे लाइन. बहुतेक गिझरकडे जाणारी, कारण कोपरा तोच. भिंत फोडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही हे प्लंबरनेही सांगितलं, आणि त्याने तसं सांगितलं म्हणून मला तो आवडला.

हे वहिनींना सांगायला गेलो तर म्हणाल्या, "पण नानांनी फोटो बघून सांगितलं ना ट्रॅप म्हणून? आम्ही ट्रॅपवाल्याला पैसे पण दिले." अठराशे. आता ते अठराशे माझ्या नावावर आहेत, मनातल्या वहीत, आणि ही वही लिफ्टमध्ये रोज उघडते. नानांचं काही नाही गेलं. त्यांचा तो रिप्लाय अजून तिथेच आहे, अंगठे आता चौदा.

मंगळवारच्या रात्रीचं सांगायचं राहिलं. बारानंतर नवा डेटा आला, मला जाग आली, मी अर्धवट झोपेतच त्या फिरणाऱ्या फोटोवरचा परत पाठवायचा बाण दाबला. गेला एकदाचा. पांढऱ्यावर तपकिरी गोल, कडेला गडद रेघ. समाधानाने झोपलो.

सकाळी नानांचा मेसेज: 'हेच म्हणत होतो मी काल.' दोन अंगठे.

त्याखाली वॉचमनचा, मेसेजची वेळ सहा दहा: 'सायेब हे थालीपीठ हाय का. एका बाजूनं करपलंय. मधी भोक बी हाय.'

होतं. रविवारचं होतं, पांढऱ्या ताटलीतलं, मोबाइलच्या गॅलरीत डागाच्या फोटोशेजारी, आणि स्टुलावरून घाईत माझं बोट त्यावर पडलं होतं. मीही न बघताच पाठवलं होतं, दोनदा. बायकोने ग्रुप वाचला, आणि ती आता वहिनींपेक्षा जास्त गप्प आहे, करपलंय हे चारचौघांत आलं म्हणून. प्लंबर शनिवारी येतो म्हणालाय. तोपर्यंत बादली दिवसातून दोनदा रिकामी करतोय, आणि छताचा खरा फोटो अजून कोणी मागितलेला नाही.