अडुसष्ट की त्रेसष्ट?

रिझल्ट लागला की पोरांचं टेन्शन संपतं आणि आमचं सुरू होतं, कारण मग ऑफिसला तिन्ही तुकड्या मिळून विषयाची एकच सरासरी पाहिजे असते, ती पण लगेच. माझ्या हातात तीन वर्गशिक्षकांच्या तीन चिठ्ठ्या. अ तुकडीची सरासरी ५८, ब ची ६४, क ची ८२. बास. पुढचं तुम्ही बघा मॅडम.

आमच्या स्टाफरूममध्ये एक सर आहेत, कुठलाही प्रश्न त्यांच्याकडे अर्ध्या मिनिटात सुटतो, फक्त बरोबर सुटत नाही एवढंच. ते म्हणाले, "तिन्ही मिळवा, तीनने भागा, ६८ आले, लिहा आणि मोकळ्या व्हा." मी विचारलं, सर पण अ मध्ये ६० पोरं आहेत, ब मध्ये ४५ आणि क मध्ये फक्त १५, त्याचं काय? तर म्हणाले, "सरासरी म्हणजे सरासरी, त्यात पोरं कुठून आली?"

आता याला काय बोलणार! अहो, तीनने भागलं की प्रत्येक तुकडीला एकेक मत मिळतं, मग त्यात ६० डोकी असोत की १५. म्हणजे क मधल्या एका पोराचं वजन अ मधल्या चार पोरांएवढं. क मधली पोरं हुशार आहेत हे मान्य, पण चार जणांएवढी नाहीत हो, आणि असली तरी पेपर एकेकच लिहितात.

मग मी कागद ओढला आणि सरासरी उलटी फिरवली. सरासरी गुणिले पोरं म्हणजे त्या तुकडीचे एकूण मार्क. अ चे ५८ × ६० = ३४८०, ब चे ६४ × ४५ = २८८०, क चे ८२ × १५ = १२३०. बेरीज ७५९०. पोरं एकूण १२०. भागा, ६३.२५. सरांच्या ६८ पेक्षा पावणेपाच मार्कांनी कमी, आणि हे पावणेपाच मार्क कुठल्याच पोराने मिळवलेले नाहीत, ते फक्त सरांच्या कॅल्क्युलेटरमध्ये जन्माला आले. सगळ्या तुकड्या सारख्याच आकाराच्या असत्या तर सरांचं उत्तर बरोबर आलं असतं, त्यामुळेच तर ही सवय लागते.

सर म्हणाले, "पण ६३ कमी वाटतंय." वाटणारच, कारण निम्मी पोरं अ मध्ये आहेत आणि अ ५८ वर बसलीये, ती सगळ्यांना आपल्याकडे ओढणार. अंदाज घ्यायला मी तेवढंच बघते: उत्तर सगळ्यात मोठ्या तुकडीकडे झुकलंय का. ६८ बघा, बिचारी १५ पोरं ६० जणांना फरफटत वर नेतायत.

एक्सेलवाल्यांसाठी, B मध्ये पोरांची संख्या आणि C मध्ये सरासरी असेल तर:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

पण खरी गंमत पुढेच. संध्याकाळी ब च्या बाईंनी सुधारित चिठ्ठी पाठवली, सरासरी ६४ नाही, ६०. का? तर पटावर ४८ पोरं, तीन गैरहजर, आणि रिकामी घरं बरी दिसत नाहीत म्हणून बाईंनी तिथे शून्य भरलं. एक्सेलची AVERAGE रिकामं घर किंवा AB लिहिलेलं घर सोडून देते, शून्य मात्र इमानदारीत मोजते. २८८० भागिले ४८, आले ६०. आता मी ६० ला ४५ ने गुणलं तर २७०० येतात, म्हणजे १८० मार्क हवेत गेले. म्हणून ज्या संख्येने भागलंय त्याच संख्येने गुणायचं, आणि गैरहजर धरायचे की नाही ते तिन्ही तुकड्यांत एकसारखं ठरवायचं. बाईंना म्हटलं, सरासरी राहू द्या, मला फक्त मार्कांची बेरीज आणि पेपर दिलेल्यांची संख्या द्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का?"

तेवढ्यात अ च्या सरांचा मेसेज, "५८ नव्हे, ५८.४ होते, सोयीसाठी पूर्ण केले." त्यांच्या सोयीपायी ६० पोरांचे मिळून २४ मार्क गेले होते. एकूण सरासरीत फरक फक्त ०.२ चा, पण ६३.२५ चं ६३.४५ झालं आणि परत सगळं टाईप करणं आलं.

शेवटी ६३.४५ भरलं, आणि फॉर्ममध्ये पोरांच्या संख्येचा कॉलमच नाही म्हणून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "एकूण गुण ७६१४, परीक्षार्थी १२०". दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन, "मॅडम, शेऱ्यात समाधानकारक, असमाधानकारक यापैकी एकच चालतं."