विषय टाळतो, पण कोणासमोर?

लग्नाचं टाळणाऱ्या मुलाबद्दल एक दावा आणि सल्ला ऐकू येतो: "चार-पाच वर्षं सोबत आहे, पण घरच्यांनी लग्नाचं विचारलं की विषय बदलतो, म्हणजे त्याला लग्न करायचंच नाही. बाकीची कारणं बनवलेली. महिन्याची मुदत द्या. खरा असेल तर तयार होईल, नाहीतर सोडून द्या."

मुलीच्या वडिलांसमोर टाळणं आणि मुलीसमोर टाळणं यात फार फरक आहे. वडील "मग, पुढचं काय?" विचारतात तेव्हा त्यात बैठक कधी, खर्च कोणाचा, राहणार कुठे, तुमच्या घरचे काय म्हणतात, हे सगळं असतं. ज्याच्याकडे यातल्या एकाचंही उत्तर नाही, तो "बघू, दिवाळीनंतर" म्हणून उठतो.

माझ्या ओळखीतली मुलगी ऐरोलीची, मुलगा कळव्याचा. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. शेवटी तिने त्याला ठाण्याच्या तलावपाळीवर एकटं गाठून विचारलं, "माझे बाबा बाजूला ठेव. तुझ्या घरी माझ्याबद्दल कोणाला काय माहीत आहे?" तेव्हा कळलं की आईला सगळं माहीत होतं, पण जात वेगळी असल्याने वडिलांना सांगितलं तर धाकट्या बहिणीचं जुळत आलेलं स्थळ मोडेल, या भीतीने मायलेक गप्प होते. हे तिच्या बाबांना तो चहा पिताना कसं सांगणार?

पण नुसतं कारण पटलं म्हणून थांबायचं नसतं. तिने लग्नाची तारीख मागितली नाही, वडिलांना कधी सांगणार ते विचारलं. बहिणीचा साखरपुडा झाल्यावर त्याच आठवड्यात त्याने सांगितलं. घरात भांडण झालं, वडील बोलेनासे झाले, तरी त्याने शब्द मागे घेतला नाही. माझ्या मते खरी खूण हीच: अडचण नेमकी सांगतो का, आणि ती सोडवताना स्वतः काही सोसतो का.

मुदतीचा सल्ला मला म्हणूनच धोक्याचा वाटतो. दबावाखाली आलेला होकार पुढे साखरपुड्यानंतर तारखा ढकलत राहतो, आणि तोवर हॉलचे पैसे भरलेले असतात.

दाव्यात तथ्य आहे ते एका ठिकाणी. कारण दरवेळी नवं निघत असेल, आधी प्रमोशन, मग फ्लॅटचा ताबा, मग आजीचं आजारपण, आणि इतक्या वर्षांत त्याच्या घरी तुमचं नावही पोहोचलं नसेल, तर अडचण आई-वडिलांची नाही. तो "गुपचूप रजिस्टर लग्न करू" म्हणत असेल तर तेही तपासून घ्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस कार्यालयात लावली जाते, त्यामुळे गुपितच ठेवायचं असेल तर तो मार्ग उपयोगाचा नाही. हे सांगितल्यावर तो नोटिशीचा अर्ज भरायला येतो की पुन्हा विषय बदलतो, ते बघा. टाळणारी मुलगी असेल तरी तिलाही हेच प्रश्न विचारा.