इमारतीची संरचनात्मक तपासणी निर्विघ्न पार पाडण्याविषयी पदाधिकाऱ्यांस काही सूचना

आपल्या सोसायटीच्या इमारतीला तीस वर्षे पूर्ण होत आली असतील, तर सर्वप्रथम ती अजून झालेली नाहीत असे सिद्ध करण्याचा प्रयत्न करावा. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353-ब नुसार पूर्णत्वाचा दाखला, भोगवटा परवानगी किंवा निम्म्या बांधीव क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर यांपैकी जे आधी घडले असेल तेथून वय मोजायचे असते. आपण मात्र ते अभिहस्तांतरण झाल्या तारखेपासून मोजावे. ते बहुधा फार उशिरा झालेले असते, त्यामुळे इमारत एकदम विशीत जाते. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी व्हायला हवी. म्हणजे आपण याआधीच्या तपासण्या केल्या होत्या का, असा प्रश्न सभेत निघू शकतो. त्या वेळी चहा आणण्यास सांगावे.

तपासणी टळणारच नसेल, तर अभियंता निवडताना दक्षता घ्यावी. जो अभियंता प्रत्येक घराच्या न्हाणीघरात शिरण्याचा आग्रह धरतो, फॉल्स सीलिंगचा एखादा तुकडा काढून वर पाहू इच्छितो, मूळ संरचनात्मक नकाशे मागतो आणि गळती कोणत्या वर्षापासून आहे असे विचारतो, तो टाळावा. त्याला ठाऊक असते की तीस वर्षांच्या इमारतीत सर्वांत आधी गंज चढतो तो न्हाणीघराखालच्या स्लॅबला, पाइपांच्या डक्टलगतच्या कॉलमला आणि पाण्याच्या टाकीखालच्या बीमला, आणि या तिन्ही जागा सभासदांनी अत्यंत कलात्मक रीतीने झाकलेल्या असतात. वाहनतळात उभे राहून चार छायाचित्रे काढणारा अभियंता या बाबतीत अधिक समजूतदार असतो.

तरीही आग्रही मनुष्यच पदरी पडला, तर त्याला फक्त रिबाउंड हॅमरची चाचणी करू द्यावी. या उपकरणाचा ठोका काँक्रीटच्या पृष्ठभागावर बसतो आणि तो किती जोराने उलटतो यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. यात आपल्या सोयीची एक गोष्ट आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत गेला की वरचा थर उलट अधिक कठीण होतो, आणि आतली सळई कुजत असतानाही आकडा छान येतो. हा आकडा सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लावावा.

बाकीच्या चाचण्या मात्र घातक आहेत. डक्टला लागून असलेल्या तळमजल्याच्या एका कॉलमचे उदाहरण घेऊ. नकाशात सळईवर 40 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण दाखवलेले आहे आणि कव्हरमीटर सांगतो 20. अभियंता तेथे थोडे काँक्रीट फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतो. निरोगी, अल्कधर्मी काँक्रीट लगेच गुलाबी होते, पण येथे बाहेरून 30 मिलिमीटर खोलीपर्यंत रंगच येत नाही. याचा अर्थ सळईला गंजापासून वाचवणारे अल्कधर्मी कवच तिच्या पलीकडेपर्यंत संपलेले आहे. मग तो हाफ-सेल चाचणी लावतो आणि कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडवर उणे 350 मिलिव्होल्टपेक्षाही खालचा आकडा मिळतो, ज्यावरून त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरली जाते. शेवटी अल्ट्रासोनिक लहरींचा वेग सेकंदाला 3 किलोमीटरच्या खाली निघतो, आणि असे काँक्रीट संशयास्पद मानले जाते. चारही आकडे एकच गोष्ट सांगत आहेत हे सुज्ञांस कळेल. म्हणूनच ते वेगवेगळ्या पानांवर छापलेले असतील याची काळजी घ्यावी आणि सभेत शेवटचे पानच वाचावे.

शेवटच्या पानावर इमारतीचा वर्ग असतो. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी, सी-2बी म्हणजे रहिवासी आत असताना संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपली इमारत सी-2बीमध्ये आली, तर ‘रहिवासी आत असताना’ हे शब्द मोठ्याने वाचावेत आणि ‘संरचनात्मक’ हा शब्द खोकल्यात बुडवावा. त्यानंतर बाहेरून गिलावा आणि रंग यांचा ठराव सहज संमत होतो.

त्या कॉलमवरही गिलावाच करावा. खरी दुरुस्ती फारच कटकटीची आहे: आधी वरचा भार पेलणारे टेकू लावायचे, सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचे, गंज घासून काढायचा, जाडी फार घटली असेल तेथे नवी सळई जोडायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग साचा बांधून मायक्रोकाँक्रीटचे जॅकेट चढवायचे. शिवाय ज्या डक्टमधून पाणी येत होते तो पाइपही बदलावा लागतो, आणि त्यासाठी चार मजल्यांवरील चार कुटुंबांशी बोलावे लागते. गिलाव्याला यांपैकी काहीच लागत नाही. गंजलेल्या सळईचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे सळईच्या रेषेत नवी भेग पडून तो गिलावा दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा सुटेल, पण तोवर समितीची मुदत संपलेली असेल.

निविदा मागवताना टेकूंची बाब वगळल्यास दर लक्षणीयरीत्या उतरतात. काँक्रीट फोडल्यावर बिघाड अंदाजापेक्षा अधिक निघतो हे प्रत्येक ठेकेदार जाणतो, म्हणून दर एकूण रकमेवर ठरवावा. प्रत्येक बाबीचे मोजमाप ठेवले, तर काय केले आणि काय राहिले हे दिसू लागते.

गच्ची गळत असेल, तर जुन्या वीटकोब्यावर नवा कोबा घालावा. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 100 मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे 10 घनमीटर, म्हणजे ढोबळमानाने 19 टन. तीस वर्षांत असे दोन थर आधीच पडले असतील, तर तिसऱ्याने फारसे काय बिघडणार? जुना थर काढून टाकण्याचा खर्च वाचतो, आणि मलबा जिन्यावरून उतरताना कोणाच्या पायपुसण्याला लागत नाही.

तळमजल्याच्या गाळेधारकाने जागा मोठी करण्यासाठी काही ‘फेरफार’ केले असतील, तर अभियंत्याला ती बाजू दाखवू नये. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून 17 जण मृत्युमुखी पडले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या अशाच कामाकडे बोट दाखवले गेले होते. असा गाळेधारक मात्र गणपतीची वर्गणी सर्वांत मोठी देतो.

पैशांचा प्रश्न निघाला, तर सिंकिंग फंडाचा विषय टाळावा. उपविधींप्रमाणे घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरसाल या निधीत जमा व्हायची असते, पण बांधकाम खर्च म्हणून 1994 चाच आकडा धरला की तीस वर्षांनंतर त्यात एका मजल्याचे टेकूही येत नाहीत.

एवढे करूनही अहवाल अंगाशी आला, तर दुसऱ्या अभियंत्याकडून दुसरा अहवाल घ्यावा. एकाने सी-1 म्हटले आणि दुसऱ्याने सी-2बी, की परस्परविरोधी अहवालांचे प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते, आणि निर्णय येईपर्यंत आपल्याला निवांतपणे थांबता येते. फक्त पहिल्या अभियंत्याच्या पत्रातील ‘डक्टलगतच्या कॉलमशेजारी तत्काळ टेकू लावावेत’ हे वाक्य कार्यवृत्तात नोंदवले जाणार नाही, एवढे सचिवांनी पाहावे.