रात्री बाराला माणसाचा दिवस तोडणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला कुणी विचारलं होतं का

डोकं फिरलंय, आज लिहूनच टाकतो. भोसरीत टाईम ऑफिसला 11 वर्षं काढलीत, हजेरी, ओव्हरटाईम म्हणजे ओटी, लेट मार्क, सगळं माझ्याच हातातून जातं आणि खिडकीवर येऊन शिव्या खायची वेळ पण माझ्यावरच येते, सॉफ्टवेअर ज्याने सेट केलं तो कधी खिडकीवर उभा राहत नाही.

2023 च्या नोव्हेंबरची गोष्ट आहे, तेव्हा फॅक्टरी ॲक्ट 1948 च चालू होता, म्हणून मी त्याचंच सांगतोय. आमची नाईट रात्री 10 ते सकाळी 6:30, मधे अर्धा तास जेवण, म्हणजे काम 8 तास. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. एका ऑपरेटरची शनिवारची नाईट होती, सकाळी रिलीव्हर आलाच नाही, सुपरवायझर म्हणाला थांब, मशीन बंद ठेवता येणार नाही. हा बिचारा रविवारी सकाळी 10:30 पर्यंत उभा. 12 तास काम. सोमवारी ताप आला म्हणून एक रजा टाकली. महिनाअखेर स्लिप आली, ओटी शून्य! चार तास जास्त थांबलेल्या माणसाला शून्य!! तो माझ्याकडे आला, म्हणाला, "भाऊ, मी काय झोपायला थांबलो होतो का?" मला तोंड वर करून बघवेना.

मग मी कागद घेऊन बसलो आणि हिशोब मांडला तेव्हा कळलं की चोरी कुठे होतेय. आमच्या सॉफ्टवेअरचा आठवडा रविवार ते शनिवार आणि ते प्रत्येक शिफ्ट रात्री 12 ला कापतं. म्हणजे शनिवारच्या नाईटचे पहिले 2 तास जुन्या आठवड्यात आणि मध्यरात्रीनंतरचे 10 तास नव्या आठवड्यात. जुन्या आठवड्यात आधीच्या शनिवारचे मध्यरात्रीनंतरचे 6 तास, मधल्या पाच नाईटचे 40, आणि हे 2, झाले बरोबर 48, आठवड्याची मर्यादा तेवढीच. ओटी नाही. नव्या आठवड्यात रविवार सकाळचे 10, मग रजेमुळे फक्त चार पूर्ण नाईट म्हणजे 32, आणि पुढच्या शनिवारचे 2, झाले 44. इथेही ओटी नाही. जास्तीचे चार तास रजेच्या खड्ड्यात गेले, आणि तो खड्डा पुढच्या आठवड्यातला आहे, त्याचा त्या रात्रीशी काही संबंध नाही!

कायद्याने असं चालतच नव्हतं. कलम 57 स्पष्ट होतं, मध्यरात्र ओलांडणाऱ्या शिफ्टमध्ये 12 नंतर केलेलं काम आदल्या दिवसात धरायचं, आणि त्याचा पुढचा दिवस शिफ्ट संपल्यापासून 24 तासांचा. म्हणजे ते 12 च्या 12 तास शनिवारचे. रवि, सोम, मंगळ, बुध, शुक्र पाच नाईटचे 40 आणि शनिवारचे 12, बेरीज 52, मर्यादा 48, चार तास दुप्पट दराने. त्याचा दर ताशी 100 रुपये धरला तर 800 रुपये. आणि हे आठवड्याचं सोडा, कलम 59 मध्ये दिवसाचे 9 तासही होते, त्या एकट्या दिवसावरच 3 तास निघत होते. पण सॉफ्टवेअरला फक्त आठवड्याची बेरीज बघायला सांगितलेलं, दिवसाचा रकाना कुणी चालूच केला नव्हता.

बरं, मी हे घेऊन एचआरकडे गेलो. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले की मग आपण आठवडा शुक्रवारपासून धरू, सुट्टी गुरुवारची आहे ना, तसंच बरं पडेल. मला आधी वाटलं चला, ऐकलं तरी. मग परत बेरीज केली. शुक्र 8, शनि 12, रवि 8, सोमवारी रजा, मंगळ 8, बुध 8. झाले 44! म्हणजे शिफ्ट अख्खी धरली, काही तोडलं नाही, तरी आठवड्याचा ओटी गायब, फक्त दिवसाचे 3 तास उरले. तोच माणूस, तेच तास, तीच रजा, नुसता आठवड्याचा पहिला वार बदलला की 800 चे 600. आणि हा वार महिना संपल्यावर, स्लिप निघाल्यावर बदलायचा?? आठवडा आपल्या मर्जीने सरकवायची गोष्टच नव्हती, कायद्यातली व्याख्या शनिवारच्या मध्यरात्रीपासून सात दिवस अशी होती, दुसरी रात्र हवी तर त्या भागासाठी चीफ इन्स्पेक्टरची लेखी मंजुरी लागायची. कुठे होती मंजुरी, मी विचारलं, तर विषय बदलला.

आता मी स्वतःची वेगळी शीट ठेवतो, कारण माझा कुणावर विश्वास राहिलेला नाही. इन आणि आऊट दोन्ही पंच तारखेसकट लिहायचे, नुसती वेळ लिहिली की 6:30 वजा 22:00 उणे येतं आणि एक्सेल हॅशच्या रेघा दाखवतं. `A2` इन, `B2` आऊट, आणि दिवस पहाटे 5 ला बदलतो असं धरायचं.

```
तास:           =(B2-A2)*24-0.5
हजेरीचा दिवस:  =INT(A2-5/24)
आठवडा सुरू:    =C2-WEEKDAY(C2,17)+1
```

`C2` म्हणजे हजेरीचा दिवस, 17 म्हणजे रविवारपासून. ते 5 तास वजा करणं लोक विसरतात आणि मग घोळ होतो, कारण नाईटवाला लेट होऊन 12:20 ला आला की इन पंचची तारीखच दुसऱ्या दिवसाची पडते आणि त्याची अख्खी नाईट उद्याच्या खात्यात. आमची सकाळची पाळी 6:30 ची आहे म्हणून 5 चालतं, तुमच्याकडे कुणी 4:30 ला येत असेल तर हे चालणार नाही, मग शिफ्टच्या चार्टवरूनच दिवस ठरवावा लागेल.

तुमच्याकडे हे होतंय का ते ओळखायला सोपं आहे, नाईटवाल्याची रोजची हजेरी उघडा. सकाळी 6:30 इन आणि रात्री 10 आऊट, म्हणजे साडेपंधरा तास हजर असं दिसलं, की समजा मशीन तारखेतला पहिला पंच इन आणि शेवटचा पंच आऊट धरतंय, माणूस घरी झोपलेला असतानाचे तास मोजतंय. आमच्याकडे आधी तेच होतं, मग ते "दुरुस्त" केलं म्हणून 12 ला कापायला लागले. आणि बुधवारची नाईट बघाच, तिचा आऊट पंच गुरुवारी सुट्टीच्या दिवशी पडतो, आमच्या सिस्टिमने सुट्टी आहे म्हणून ते सकाळचे 6 तास सरळ उडवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, दोन महिने, नऊ जणांचे.

त्या ऑपरेटरचे 800 शेवटी जानेवारीत आले, मी तीन वेळा हाताने पत्र लिहून दिलं तेव्हा. त्या नऊ जणांची फाईल अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, दर महिन्याला वर पाठवतो आणि "सॉफ्टवेअरमध्ये नाही दिसत" असा शेरा मारून परत येते.