डॉलरचं भविष्य आणि संचालक मंडळाला पत्र

आमच्या संचालक मंडळात ज्योतिषाचा धंदा कोणीही करत नाही, पण डॉलर कुठे जाणार हे प्रत्येकाला ठाऊक आहे. अण्णा चेअरमन. त्यांच्या मते डॉलर वर जाणार, कारण तो आजवर वरच गेला आहे. तात्या त्यांचे धाकटे बंधू. त्यांच्या मते यंदा रुपया सुधारणार, कारण मुंबईच्या त्यांच्या व्याह्यांनी तसं सांगितलं आहे. वहिनीसाहेबांचं म्हणणं, दोघांचंही ऐकू नका. स्वतंत्र संचालक म्हणून एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. ते काही बोलत नाहीत, नुसते हसतात आणि भत्ता घेऊन जातात.

या मंडळींना मी फायनान्स मॅनेजर या नात्यानं पत्र लिहायला बसलो: परकीय चलनाच्या जोखमीसाठी आपलं एक लेखी हेजिंग धोरण असावं, म्हणजे डॉलर हलला तरी फटका बसू नये म्हणून दर आधीच कसा बांधून ठेवायचा याचे नियम. आमची कोल्हापूरची फाउंड्री. कास्टिंग अमेरिकेला जातं आणि पैसे डॉलरमध्ये येतात. तोवरचं आमचं धोरण एका ओळीचं होतं: ‘फॉरवर्ड करायचा का, तात्यांना विचारा.’ फॉरवर्ड करायचा म्हणजे पुढे येणारे डॉलर आजच ठरवलेल्या दरानं बँकेला विकून ठेवायचे. धोरण लेखी नसलं तरी काटेकोर पाळलं जाई.

पहिला मसुदा अण्णांनी चष्मा कपाळावर ठेवून वाचला. म्हणजे वाचलाच नाही. “जोखीम कसली? बिल केलं, पैसे आले. मधे काय होतंय?”

मधे काय होतं तेच सांगायचं होतं. जोखीम बिल फाडल्यावर सुरू होत नाही. गिऱ्हाइकाला डॉलरमधला भाव कबूल केला की त्याच दिवशी ती सुरू होते. त्यानंतर माल ओतून, घासून, मशीनवर चढवून तयार व्हायला दीड महिना. न्हावा शेवाहून जहाजानं पोचायला चाळीसेक दिवस. वर गिऱ्हाइकाची साठ दिवसांची उधारी. म्हणजे पाच महिने आमचा पैसा दुसऱ्याच्या चलनात अडकलेला असतो. महिन्याला ८ लाख डॉलरची निर्यात धरली तर कधीही पाहा, ४० लाख डॉलर वाटेत. आयात स्क्रॅपचं ४ लाखांचं देणं डॉलरमध्येच असतं, ते आपोआप वळतं होतं. उरले निव्वळ ३६ लाख. डॉलर एका रुपयानं उतरला की ३६ लाख रुपये गेले.

“आणि आपला महिन्याचा नफा किती?” वहिनीसाहेबांनी विचारलं.

“साधारण तेवढाच.”

अण्णांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

पत्रातलं पहिलं कलम मर्यादांचं. पुढच्या तीन महिन्यांत येणाऱ्या डॉलरपैकी किमान ६० टक्के आणि कमाल ९० टक्के फॉरवर्डमध्ये विकून ठेवायचे. त्यापुढच्या महिन्यांसाठी ३० ते ६०. तात्या लगेच म्हणाले, “एवढं चांगलं आहे तर शंभर का नाही?” हा प्रश्न ते विरोध म्हणून विचारत होते, पण प्रश्न उत्तम होता. फॉरवर्ड म्हणजे बँकेला दिलेला शब्द. गिऱ्हाइकानं ऑर्डर पुढे ढकलली तरी ठरल्या तारखेला डॉलर द्यावेच लागतात, नाहीतर करार मोडून फरक भरावा लागतो. २०२० च्या फेब्रुवारीत डॉलर ७१ च्या आसपास होता आणि एप्रिलमध्ये ७६ च्या. ज्यांनी आधीच सगळे डॉलर विकून ठेवले होते आणि लॉकडाउनमध्ये ज्यांच्या ऑर्डरी थांबल्या, त्यांच्याकडे द्यायला डॉलर नव्हते. वर करार मोडायला पैसे मोजावे लागले. वरचे दहा टक्के अशा दिवसांसाठी मोकळे.

अण्णांना मात्र वेगळीच शंका होती. आजचा भाव ८४ धरला तर पाच महिन्यांनंतरच्या फॉरवर्डला त्याहून थोडे जास्त पैसे मिळतात. “बँक आपल्याला फुकट जास्त का देते? यात काहीतरी आहे.” रुपयावरचं व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त असतं, त्या दोन दरांमधला फरक फॉरवर्डच्या भावात उतरतो, हे मी तीन तऱ्हांनी समजावलं. अण्णा प्रत्येक वेळी मान डोलवून म्हणाले, “बरोबर. पण यात काहीतरी आहे.”

खरा तमाशा झाला तो मोजमापाच्या कलमावर. आमच्याकडे हेजिंगचा निकाल नेहमी नंतर लागतो. ८४.६० ला डॉलर विकून ठेवले आणि पुढे डॉलर ८६ झाला, तर तात्या कॅन्टीनमध्ये सांगतात, “मॅनेजरनं लाख डॉलरमागं एक लाख चाळीस हजार घालवले.” तोच डॉलर ८२ झाला, तर ते सांगतात, “मी म्हणालोच होतो.” हे लग्नानंतर दुसऱ्या स्थळाची चौकशी करण्यासारखं आहे. म्हणून पत्रात लिहिलं: ज्या दरानं आपण गिऱ्हाइकाला भाव दिला, तो कॉस्टिंगचा दर हीच मोजपट्टी. ८४ धरून भाव दिला आणि ८४.६० ला विकलं, तर नफा हाती राहिला. हेजिंगचं काम तेवढंच. नंतर डॉलर कुठे हिंडला याची चर्चा चहाबरोबर करावी, इतिवृत्तात नको.

मग मंजुरीच्या पायऱ्या. २ लाख डॉलरपर्यंतचा सौदा मी करावा, ५ लाखांपर्यंत अण्णांच्या संमतीनं, त्यावर तिघांच्या समितीनं. संमती दोन तासांत यावी, कारण बाजार समितीच्या जेवणासाठी थांबत नाही. सौदा मी केला तरी बँकेचं लेखी कन्फर्मेशन माझ्याकडे न येता थेट अकाउंट्सकडे जावं आणि त्यांनी ते माझ्या नोंदीशी ताडून पाहावं. दर महिन्याला सगळ्या उभ्या करारांचं त्या दिवसाच्या भावानं मूल्य काढून मंडळापुढे ठेवावं. अण्णा दुखावले. “तुमच्यावर आमचा विश्वास नाही असं कुणी सांगितलं?” मला माझ्यावरच पहारा बसवून घेताना पाहून त्यांना भरून आलं होतं.

निवृत्त बँक अधिकारी पहिल्यांदा बोलले ते साधनांच्या कलमावर. मी लिहिलं होतं: साधे फॉरवर्ड आणि विकत घेतलेले साधे ऑप्शन, म्हणजे ठरल्या दरानं डॉलर विकायचा हक्क, सक्ती नाही; बस. ऑप्शन विकायचे नाहीत आणि एकास दोन असे सौदे करायचे नाहीत. ते म्हणाले, “हे कलम अधोरेखित करा.” २००७ साली रुपया वधारत डॉलर ४० च्या खाली आला, तेव्हा घाबरलेल्या कितीतरी निर्यातदारांनी ‘शून्य खर्चाचे’ गुंतागुंतीचे सौदे केले. त्यातल्या बऱ्याच सौद्यांत भाव थोडा बरा मिळे, पण डॉलर एका रेषेपलीकडे गेला की दुप्पट डॉलर जुन्या दरानं द्यायचे. २००८ संपता संपता डॉलर पन्नाशीला भिडला. जेवढे डॉलर कमावले नव्हते, तेवढे द्यायचे झाले, आणि भांडणं कोर्टात गेली.

शेवटचं कलम मी थोडं भीतभीतच घातलं होतं. कुणाला मर्यादेबाहेर जावंसं वाटलं तर जाता येईल, पण डॉलर कुठे जाणार याचं मत, कारण आणि मत देणाऱ्याचं नाव इतिवृत्तात लिहावं लागेल. खोलीत एकदम शांतता पसरली. अण्णांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी पंख्याकडे. व्याह्यांचं नाव चालेल का, असं तात्यांनी विचारलं. संचालकाचंच हवं म्हटल्यावर ते म्हणाले, “मग मर्यादा काही वाईट नाहीत.”

धोरण मंजूर झालं. किमान ६० चे ५० टक्के करून घेतले, कारण मंडळानं काहीतरी बदलायलाच हवं. आठवडाभरात बँकेचा तरतरीत मुलगा शून्य खर्चाची नवी योजना घेऊन आला. मी त्याच्यापुढे साधनांचं कलम सरकवलं. त्यानं ते मन लावून वाचलं आणि विचारलं, “सर, याची एक कॉपी मिळेल? म्हणजे यात बसेल असं काहीतरी घेऊन येतो.”